पांढऱ्या पावडरीचा काळा हिशेब : झिंक ऑक्साइडचा बँड गॅप आणि डीएफटी

झिंक ऑक्साइड ही पांढरी पावडर आहे. त्वचेवर लावायच्या मलमांत, उन्हापासून वाचवणाऱ्या क्रीममध्ये आणि रबराच्या कारखान्यात ती रोज वापरली जाते. ती पांढरी दिसते कारण दृश्य प्रकाशातला एकही रंग ती शोषत नाही. सुमारे ३७० नॅनोमीटरच्या खालचा अतिनील प्रकाश मात्र ती अडवते. याच गुणामुळे ती सनस्क्रीनमध्ये जाते. या दोन्ही गोष्टींमागे एकच संख्या आहे. झिंक ऑक्साइडचा बँड गॅप सुमारे ३.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे आणि दृश्य प्रकाशाच्या कणांची ऊर्जा साधारण १.७ ते ३.१ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या दरम्यान असते. गॅपपेक्षा कमी ऊर्जेचा प्रकाश शोषला जात नाही.

आता हीच संख्या संगणकावर काढायची ठरवली आणि त्यासाठी जगभर सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत तिच्या नेहमीच्या रूपात चालवली, तर उत्तर येते सुमारे ०.७५ इलेक्ट्रॉन व्होल्ट. एवढा लहान गॅप खरा असता तर झिंक ऑक्साइडने सगळा दृश्य प्रकाश गिळला असता आणि ही पावडर काळी दिसली असती. गणितात आकडेमोडीची चूक नसते, संगणकही बिघडलेला नसतो. त्याच गणनेतून अणूंमधली अंतरे दोनेक टक्क्यांच्या आत बरोबर येतात. गॅप मात्र खऱ्याच्या चौथ्या भागाहूनही कमी येतो.

ही पद्धत म्हणजे डेन्सिटी फंक्शनल थिअरी, थोडक्यात डीएफटी. १९६४ साली पिएर होहेनबर्ग आणि वॉल्टर कोन यांनी दाखवून दिले की पदार्थातल्या सगळ्या इलेक्ट्रॉनांची एकत्रित किमान ऊर्जा ठरवायला प्रत्येक इलेक्ट्रॉनचा वेगळा माग काढावा लागत नाही. जागोजागी इलेक्ट्रॉनांची घनता किती आहे, एवढे कळले तरी तत्त्वतः पुरते. पुढच्या वर्षी कोन आणि ल्यू शॅम यांनी ते प्रत्यक्ष गणितात उतरवले. एकमेकांना ढकलणाऱ्या खऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जागी, एकमेकांशी काही देणेघेणे नसलेल्या पण तीच घनता देणाऱ्या कल्पित इलेक्ट्रॉनांची त्यांनी योजना केली. खऱ्या इलेक्ट्रॉनांमधला जो गुंतागुंतीचा व्यवहार यातून निसटतो, तो सगळा एका पदात कोंबला. त्या पदाचे नाव एक्स्चेंज-कोरिलेशन फंक्शनल. या कामासाठी कोन यांना १९९८ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या फंक्शनलचे अचूक रूप मात्र आजही कोणाला ठाऊक नाही. जे वापरले जाते ते अंदाजी असते, आणि कोणता अंदाज वापरायचा हा निर्णय गणना करणाऱ्याला घ्यावा लागतो.

सर्वांत साधा अंदाज एलडीए. त्यात प्रत्येक बिंदूपाशी फक्त तिथली घनता बघितली जाते. त्याच्या पुढचा जीजीए, ज्यात घनता किती वेगाने बदलते आहे हेही बघितले जाते. जॉन पर्ड्यू, किरॉन बर्क आणि मॅथियास एर्न्झरहॉफ यांनी १९९६ मध्ये मांडलेला पीबीई हा जीजीए घन पदार्थांच्या अभ्यासात जवळजवळ गृहीतच धरला जातो. वर दिलेले ०.७५ हे उत्तर या कुळातल्या फंक्शनलांचे आहे.

गॅप कमी का येतो, याचे एकच कारण सांगितले जाते तेव्हा बहुधा अर्धेच सांगितलेले असते. कारणे निदान तीन आहेत आणि झिंक ऑक्साइडमध्ये ती तिन्ही एकाच दिशेने ओढतात.

पहिले कारण व्याख्येतच आहे. खरा गॅप म्हणजे स्फटिकातून एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा वजा एक इलेक्ट्रॉन आत घातल्यावर मिळणारी ऊर्जा. डीएफटीमध्ये मात्र सोयीसाठी कल्पित इलेक्ट्रॉनांच्या सर्वांत वरच्या भरलेल्या आणि सर्वांत खालच्या रिकाम्या पातळीतला फरक घेतला जातो. या दोन गोष्टी एक नाहीत. इलेक्ट्रॉनांची संख्या पूर्णांकावरून किंचित पुढे सरकली की अचूक फंक्शनलने दिलेले विभव सगळीकडे एकदम एका ठरावीक मापाने उडी घेते. पर्ड्यू आणि मेल लेव्ही यांनी, तसेच शॅम आणि श्ल्यूटर यांनी, १९८३ साली दाखवले की खऱ्या गॅपमध्ये ही उडी मिळवावी लागते. म्हणजे उद्या कोणी अचूक फंक्शनल शोधून काढले, तरी त्याच्या पातळ्यांमधला फरक खऱ्या गॅपपेक्षा कमीच भरेल. एलडीए आणि पीबीईमध्ये तर ही उडी मुळातच नाही.

दुसरे कारण अंदाजी फंक्शनलच्या वळणात आहे. इलेक्ट्रॉनांची संख्या आडव्या अक्षावर आणि एकूण ऊर्जा उभ्या अक्षावर घेतली, तर दोन लगतच्या पूर्णांकांमध्ये खरी ऊर्जा सरळ रेषेत जायला हवी आणि प्रत्येक पूर्णांकापाशी तिने कोपरा करायला हवा. एलडीए आणि पीबीईची रेषा खांबांमध्ये सैल बांधलेल्या दोरीसारखी मधे झोल खाते. झोल असला की कोपरे बोथट होतात, आणि गॅप तर त्या कोपऱ्यातच असतो. या झोलाचा अर्थ असा की इलेक्ट्रॉन वाटून, पसरून राहिला तर ऊर्जा कमी पडते असे या फंक्शनलांना खोटेच वाटते. मोठ्या स्फटिकात जादा इलेक्ट्रॉन सगळीकडे पसरतो, त्यामुळे तिथे झोल दिसेनासा होतो, पण चूक जात नाही. ती रेषेच्या उतारात शिरते. म्हणूनच पातळ्यांऐवजी एकूण ऊर्जांचा फरक घेतला तरी स्फटिकाच्या बाबतीत पीबीईचे उत्तर सुधारत नाही.

तिसरे कारण खास झिंक ऑक्साइडसारख्या पदार्थांचे आहे. एलडीए आणि पीबीईमध्ये इलेक्ट्रॉन काही अंशी स्वतःलाच ढकलतो, कारण घनतेत त्याचा स्वतःचाही वाटा असतो आणि अंदाजी फंक्शनल तो पूर्णपणे वजा करत नाही. लांबवर पसरलेल्या इलेक्ट्रॉनला याचा फारसा त्रास होत नाही. जस्ताच्या अणूला घट्ट चिकटून असलेल्या 3d इलेक्ट्रॉनांना मात्र होतो. स्वतःच्याच ढकलण्यामुळे त्यांची पातळी वर उचलली जाते. प्रयोगात या d पातळ्या भरलेल्या पट्ट्याच्या माथ्यापासून सुमारे साडेसात ते आठ इलेक्ट्रॉन व्होल्ट खाली सापडतात. पीबीईमध्ये त्या पाच-सहावरच येतात. ऑक्सिजनच्या 2p पातळ्यांपासून बनलेला भरलेला पट्टा त्यांच्या लगतच वर असतो. दोन पातळ्या जवळ आल्या आणि त्यांना मिसळायला मुभा असली की त्या एकमेकींना दूर सारतात. इथे d पातळ्या खालून ऑक्सिजनच्या पट्ट्याचा माथा वर ढकलतात आणि गॅप आणखी आक्रसतो.

या तिसऱ्या कारणाचे वजन किती, हे मॅग्नेशियम ऑक्साइडशी तुलना केली की दिसते. मॅग्नेशियमकडे असले d इलेक्ट्रॉन नाहीत. त्याचा खरा गॅप सुमारे ७.८ आणि एलडीएचा ४.७, म्हणजे सत्याच्या साठ टक्के. झिंक ऑक्साइडमध्ये हे प्रमाण वीस-बावीस टक्क्यांवर उतरते. पीबीईचा गॅप घेऊन त्याला ठरावीक गुणकाने गुणावे, असा सल्ला कधीकधी दिला जातो. या दोन ऑक्साइडांकडे पाहिल्यावर तो किती पोकळ आहे हे कळते.

फंक्शनल निवडताना पहिला मोह होतो तो स्वस्त दुरुस्तीचा. d इलेक्ट्रॉनांवर U नावाचा जादा दंड लावायचा, म्हणजे ते खाली जातील. ही डीएफटी+U पद्धत अनिसिमोव्ह, झानेन आणि अँडरसन यांनी १९९१ मध्ये मांडली आणि निकेल ऑक्साइडसारख्या पदार्थांसाठी ती खरोखर योग्य आहे. तिथे एलडीए जेमतेम ०.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट गॅप देते, खरा गॅप चारच्या आसपास असतो, आणि गॅपच्या कडा ठरवण्यात अर्धवट भरलेल्या d पातळ्यांचाच मोठा हात असतो. कोबाल्ट आणि लोह यांच्या ऑक्साइडांना तर एलडीए चक्क धातू ठरवते. झिंक ऑक्साइडची गोष्ट वेगळी आहे. तिथे d पातळ्या पूर्ण भरलेल्या आणि खोल आहेत, आणि रिकाम्या पट्ट्याचा तळ जस्ताच्या 4s पातळीचा आहे. d वर U लावला की भरलेल्या पट्ट्याचा माथा थोडा खाली सरकतो, म्हणजे तिसऱ्या कारणावर इलाज होतो. 4s ला त्याचा जवळपास स्पर्शच होत नाही. पाचेक इलेक्ट्रॉन व्होल्टचा सयुक्तिक U घेतला की गॅप दीडपर्यंत जातो आणि तिथेच राहतो. मग काही जण U वाढवत नेतात आणि ऑक्सिजनच्या p पातळ्यांवरही मोठा U लावतात, आणि शेवटी ३.४ मिळवतात. पण त्या आकड्याला आता भौतिक अर्थ उरलेला नसतो. उत्तर आधी ठरवून त्याला जुळेल असा दंड लावलेला असतो, आणि पट्ट्यांचा आकार, दोषांच्या पातळ्या, बंधांची लांबी यांपैकी काय बिघडले आहे ते पाहिलेलेच नसते.

दुसरा स्वस्त मार्ग त्राँ आणि ब्लाहा यांनी २००९ मध्ये दिला. त्याला टीबी-एमबीजे म्हणतात. त्यात ऊर्जेऐवजी थेट विभवच सुधारले जाते. झिंक ऑक्साइडसाठी तो सुमारे २.७ देतो, आणि पीबीईच्या तुलनेत फार थोडा जादा वेळ घेतो. त्याची मर्यादा अशी की त्याच्यामागे ऊर्जेचे सूत्र नाही. त्यामुळे त्याने अणूंवरची बले काढता येत नाहीत आणि स्फटिकाची रचना शिथिल करता येत नाही. रचना दुसऱ्या फंक्शनलने ठरवून फक्त पट्ट्यांसाठी तो वापरावा लागतो.

तिसरा मार्ग हायब्रिड फंक्शनलचा. हार्ट्री-फॉक पद्धतीत इलेक्ट्रॉन स्वतःला ढकलत नाही, कारण तिच्यातले अचूक एक्स्चेंज तो वाटा काटेकोर वजा करते. मात्र तिच्यात आजूबाजूच्या इलेक्ट्रॉनांकडून होणारे झाकण नसल्याने दोरी उलट्या बाजूला फुगते आणि झिंक ऑक्साइडचा गॅप दहाच्याही वर जातो. दोन्हींच्या चुका विरुद्ध दिशेच्या असल्याने त्यांचे मिश्रण करावे, ही हायब्रिडमागची कल्पना. पीबीई-शून्य या फंक्शनलमध्ये अचूक एक्स्चेंज २५ टक्के असते आणि गॅप ३.२ च्या आसपास येतो. स्फटिकासाठी ती गणना फार जड पडते, म्हणून हेड, स्कुसेरिया आणि एर्न्झरहॉफ यांनी २००३ मध्ये अचूक एक्स्चेंज फक्त जवळच्या अंतरापुरते ठेवले. त्याचे आज प्रचलित असलेले रूप म्हणजे एचएसई-०६. त्यातून झिंक ऑक्साइडचा गॅप सुमारे २.५ येतो. पीबीईपेक्षा कितीतरी बरा, तरी खऱ्यापासून जवळजवळ एक इलेक्ट्रॉन व्होल्ट दूर.

२५ टक्के हा आकडा मुळात रेणूंच्या ऊर्जांसाठी मांडलेल्या युक्तिवादातून आला आहे. प्रत्येक ऑक्साइडला तोच शोभावा असे काही नाही. घन पदार्थात दोन इलेक्ट्रॉनांमधले दूरचे अपकर्षण तिथल्या इतर इलेक्ट्रॉनांमुळे जितके झाकले जाते, तितकेच अचूक एक्स्चेंज कमी व्हायला हवे. झाकण्याचे हे माप म्हणजे उच्च वारंवारतेचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये तो सुमारे ३, झिंक ऑक्साइडमध्ये ३.७ आणि रुटाइल टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये सहाच्या वर आहे. त्याचा व्यस्तांक घेतला की योग्य मिश्रणाचा अंदाज मिळतो. मॅग्नेशियमसाठी तेहतीस टक्के, जस्तासाठी सत्तावीस, टायटॅनियमसाठी पंधरा-सोळा. हा हिशेब पीबीई-शून्यसारख्या सर्व अंतरांवर एक्स्चेंज ठेवणाऱ्या फंक्शनलसाठी आहे, तो एचएसईला जसाच्या तसा लावू नये. तरीही त्यातून एक नेहमी दिसणारी गोष्ट उलगडते. एचएसई-०६ मॅग्नेशियम ऑक्साइडचा गॅप एक-सव्वा इलेक्ट्रॉन व्होल्टने कमी देतो, आणि टायटॅनियम डायऑक्साइडचा मात्र ३.० ऐवजी ३.४ च्या आसपास, म्हणजे जास्त देतो. गॅप नेहमी कमीच येतो हे वाक्य पीबीईपुरते खरे आहे, हायब्रिडपर्यंत आल्यावर ते तसे उरत नाही.

झिंक ऑक्साइडमध्ये एचएसईतले प्रमाण ३७.५ टक्क्यांपर्यंत वाढवले की गॅप ३.४ येतो. दोषांच्या अभ्यासात हे बरेच वापरले जाते. U वाढवून गॅप जुळवण्यापेक्षा हे बरे, कारण इथे एकाच बदलाने 4s चा तळ वर जातो, d पातळ्याही प्रयोगाच्या दिशेने खाली सरकतात आणि स्वतःला ढकलण्याची मूळ चूकच कमी होते. एका आकड्याला जुळवले आणि न जुळवलेले दुसरे आकडेही सुधारले, तर त्या जुळवणीवर थोडा विश्वास ठेवता येतो.

आता बेसिस सेट. कल्पित इलेक्ट्रॉनांच्या लहरी संगणकात साठवायच्या तर त्या काही ठरावीक, ओळखीच्या आकारांच्या बेरजेने लिहाव्या लागतात. त्या आकारांचा संच म्हणजे बेसिस सेट. संच अपुरा असला की लहरीला हवा तो आकार घेता येत नाही आणि तिची ऊर्जा वर अडकते. भरलेल्या पट्ट्यांकडे संच तयार करणाऱ्यांचे लक्ष असते, म्हणून ते बऱ्यापैकी उतरतात. रिकामा पट्टा जास्त पसरट असतो, त्याची आबाळ होते, आणि तो भरलेल्या पट्ट्यापेक्षा जास्त वर राहतो. म्हणजे अपुऱ्या बेसिसमुळे गॅप बहुधा वाढतो. फंक्शनल गॅप घटवते आणि कच्चे बेसिस तो फुगवते, या दोन चुका एकमेकींना झाकू शकतात. ऑक्साइडांच्या गणनेत सर्वांत फसवे उत्तर असेच तयार होते. स्वस्त फंक्शनल आणि तोकडे बेसिस घेऊन प्रयोगाच्या जवळचा गॅप आला, तर आनंद मानण्याआधी बेसिस वाढवून पाहावे. खरे उत्तर असेल तर ते जागचे हलणार नाही.

बेसिसचे दोन मोठे पंथ आहेत. रसायनशास्त्राकडून आलेला पंथ प्रत्येक अणूवर गॉसियन आकाराची फंक्शन्स बसवतो. रेणूंसाठी बनवलेला संच उचलून स्फटिकात वापरला की अडचण येते. रेणूंसाठी लागणारी अतिपसरट फंक्शन्स दाट स्फटिकात शेजारच्या अणूंवरच्या तसल्याच फंक्शन्समध्ये इतकी मिसळतात की एक दुसऱ्यांच्या बेरजेने जवळपास तंतोतंत लिहिता येते. मग समीकरणे अस्थिर होतात आणि गणना कोसळते. म्हणून पसरट फंक्शन्स छाटली जातात. छाटणी जास्त झाली तर जस्ताचा 4s पट्टा वर चढतो, आणि झिंक ऑक्साइडचा गॅप तर त्या पट्ट्याच्या तळावरच ठरतो. यासाठी घन पदार्थांकरता मुद्दाम जुळवलेले त्रिपट-झीटा संच वापरावेत.

दुसरा पंथ प्लेन वेव्हचा, म्हणजे स्फटिकभर पसरलेल्या साध्या लहरींचा. इथे बेसिसचा आकार एकाच संख्येने, कटऑफ ऊर्जेने, ठरतो. ती वाढवत नेली की उत्तर पूर्णतेकडे जाते, हा या पंथाचा मोठा फायदा. अणूच्या गाभ्याजवळच्या तीव्र चढउतारांसाठी मात्र स्यूडोपोटेन्शिअल किंवा पीएडब्ल्यू ही तयार मांडणी लागते, आणि कोणते इलेक्ट्रॉन गाभ्यात गोठवायचे हा निर्णय त्या मांडणीत दडलेला असतो. जस्ताचे 3d इलेक्ट्रॉन गोठवले तर त्यांचे ढकलणेच संपते आणि गॅप सुधारल्यासारखा दिसतो. पण त्याच वेळी स्फटिकाची अंतरे बिघडतात, कारण हे इलेक्ट्रॉन बंधांत भाग घेतात. झिंक ऑक्साइडसाठी जस्ताचे निदान बारा इलेक्ट्रॉन, म्हणजे दहा 3d आणि दोन 4s, मोकळे हवेत.

एक गणना तपशिलात पाहू. झिंक ऑक्साइडचा वुर्ट्झाइट स्फटिक षट्कोनी असतो. त्याची एक बाजू ३.२५ अँगस्ट्रॉम, उंची ५.२१ अँगस्ट्रॉम, आणि एकक पेशीत दोन जस्त व दोन ऑक्सिजन असे चारच अणू. व्हिएन्नात विकसित झालेल्या व्हॅस्प या प्रणालीच्या पीएडब्ल्यू फायलींमध्ये ऑक्सिजनसाठी सुचवलेला कटऑफ ४०० इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, जस्तासाठी २७७ च्या आसपास. म्हणजे कटऑफ ऑक्सिजन ठरवतो. ऑक्साइडांमध्ये बहुधा असेच असते, कारण ऑक्सिजनची 2p लहर अणूलगत फार आखूड असते. स्फटिकाची पेशीही शिथिल करायची असेल तर ४०० च्या तीस टक्के वर, म्हणजे ५२० घ्यावा. नाहीतर आकारमान बदलताना बेसिसही नकळत बदलते आणि खोटा दाब तयार होतो.

त्यानंतर के-बिंदू. झिंक ऑक्साइडचा गॅप थेट आहे, दोन्ही कडा गॅमा या केंद्रबिंदूपाशी आहेत, आणि रिकाम्या पट्ट्याचा तळ तिथे खोल, अरुंद दरीसारखा उतरतो. के-बिंदूंची जाळी गॅमावरून सरकवलेली असेल तर दरीचा तळ जाळीत सापडतच नाही आणि गॅप काही दशांशांनी मोठा दिसतो. ही चूक नवख्यांच्या कामात वारंवार आढळते, आणि तीही गॅप ‘सुधारते’. षट्कोनी स्फटिकाला गॅमाकेंद्री जाळीच लागते.

```
ZnO
0
Gamma
8 8 5
0 0 0
```

आधी पीबीईने गणना करून लहरी साठवायच्या आणि त्यांवरून हायब्रिड सुरू करायचे. हायब्रिडसाठी मुख्य ओळी एवढ्याच:

```
ENCUT    = 520
ISMEAR   = 0
SIGMA    = 0.05
LHFCALC  = .TRUE.
HFSCREEN = 0.2
AEXX     = 0.25
ALGO     = Damped
```

`HFSCREEN` म्हणजे अचूक एक्स्चेंज किती अंतरापर्यंत ठेवायचे त्याचे माप आणि `AEXX` म्हणजे त्याचे प्रमाण. जस्ताचे बारा आणि ऑक्सिजनचे सहा धरून पेशीत ३६ इलेक्ट्रॉन होतात, म्हणजे १८ पट्टे भरलेले. `EIGENVAL` या फायलीत गॅमापाशी १८ व्या आणि १९ व्या पट्ट्याच्या ऊर्जांतला फरक घेतला की गॅप मिळतो. अवस्थांच्या घनतेच्या आलेखावरून गॅप वाचू नये. तिथे रेषा फासलेल्या असतात आणि दरीचा अरुंद तळ नजरेतून सुटतो. मग कटऑफ ५२० वरून ६०० करून आणि जाळी दाट करून पाहावे. गॅपमध्ये शतांशाहून जास्त बदल झाला नाही तर बेसिसचा आणि जाळीचा प्रश्न मिटला असे समजावे. उरलेली तफावत फंक्शनलची.

स्फटिकाची अंतरे कोणती घेतली हेही नोंदवले पाहिजे. पीबीई पेशी किंचित फुगवते, एलडीए आक्रसवते, आणि गॅप आकारमानाबरोबर हलतो. झिंक ऑक्साइडमध्ये पीबीईची आणि प्रयोगाची अंतरे यांमुळे एक दशांशाच्या आसपास फरक पडतो. हायब्रिडने काढलेल्या गॅपची पीबीईच्या अंतरांवर काढलेल्या गॅपशी तुलना केली, तर त्या फरकात रचनेचा वाटा मिसळलेला असतो.

यापुढची पायरी म्हणजे जीडब्ल्यू. ती डीएफटीच्या पातळ्यांवर इलेक्ट्रॉन काढण्या-घालण्याची ऊर्जा थेट काढते, म्हणजे पहिल्या कारणालाच हात घालते. तिच्या नावावर विसंबून राहणे मात्र झिंक ऑक्साइडनेच धोक्याचे ठरवले. एलडीएवरून केलेल्या एकपायरी जीडब्ल्यूने गॅप बराच काळ दोन ते अडीचच्या दरम्यान येत होता. २०१० मध्ये मार्विन कोहेन आणि स्टीव्हन लुई यांचा समावेश असलेल्या अमेरिकेतल्या गटाने दाखवले की ती उत्तरे पूर्णच झालेली नव्हती. काही शे रिकाम्या पट्ट्यांवर आकडा स्थिरावल्यासारखा वाटतो, पण पट्टे तीन हजारांच्या पलीकडे नेले आणि कटऑफही त्याबरोबर वाढवला की तो चढतच जातो. त्यांचे उत्तर ३.४ आले, अगदी प्रयोगाइतके. पुढच्याच वर्षी इतर गटांनी तपासले तेव्हा कळले की त्या ३.४ मधला मोठा भाग झाकण्याच्या गणितात वापरलेल्या एका सोप्या प्रारूपामुळे होता. ते प्रारूप टाळून, सर्व इलेक्ट्रॉन धरून केलेल्या काळजीपूर्वक गणनेत गॅप २.८ च्या आसपास आला. पूर्ण झालेल्या बेसिसचा आग्रह बरोबर ठरला, प्रयोगाशी बसलेला मेळ मात्र अंशतः योगायोग निघाला.

प्रयोगाचा आकडाही तपासून घ्यावा लागतो. प्रकाशशोषणात दिसणाऱ्या कडेजवळ इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली पोकळी बांधलेली असतात. झिंक ऑक्साइडमध्ये ही बंधनऊर्जा ०.०६ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे इथे दुर्लक्ष केले तर चालेल, पण प्रत्येक ऑक्साइडात नाही. ३.४४ हा आकडा अतिथंड तापमानाचा आहे, खोलीच्या तापमानाला तो थोडा उतरतो. पावडर जोरात तापवली की ती पिवळी पडते, त्यात गॅपच्या या घटण्याचाही हात असतो. शून्य तापमानालाही अणू पूर्ण स्थिर नसतात आणि त्यांच्या थरथरण्याने गॅप एक-दोन दशांशांनी कमी झालेला असतो. वरच्या सगळ्या गणना स्थिर अणूंच्या आहेत. त्यांनी गाठायचा आकडा म्हणून ३.४ नसून ३.५ किंवा ३.६ आहे, आणि ३७.५ टक्क्यांची जुळवणी ही थरथर नकळत स्वतःच्या खात्यात घेते.

मग निवड कशी करावी? रचना, बंध आणि कंपने यांसाठी पीबीई चांगले आहे, त्यावर गॅपचे ओझे टाकू नये. गॅपच्या कडा अर्धवट भरलेल्या d पातळ्यांच्या असतील तर U, आणि तोही स्वतंत्रपणे काढलेला. शेकडो ऑक्साइड चाळायची असतील तर टीबी-एमबीजे. एखाद्या ऑक्साइडचा नीट अभ्यास करायचा असेल तर एचएसई-०६, किंवा डायइलेक्ट्रिक स्थिरांकावरून ठरवलेले हायब्रिड. बेसिस प्रत्येक वेळी इतके वाढवावे की ते चर्चेतूनच बाद होईल. झिंक ऑक्साइडचा गॅप ३.४ आला असे कोणी सांगितले, तर त्याला d पातळ्या कुठे आल्या हे जरूर विचारावे. त्या साडेसातच्या खाली पोहोचलेल्या नसतील, तर तो ३.४ जुळवलेला आहे.